पंधरवड्याचे ४८ तास: ऑस्ट्रेलियात शिकायला आलेल्यांसाठी काम आणि हजेरीचा हिशेब

ऑस्ट्रेलियात शिकायला निघालेल्या प्रत्येकाला ‘पंधरवड्याला ४८ तास’ हा नियम विमानात बसण्याआधीच पाठ असतो. तरीही तो मोडतो, आणि ज्याच्या हातून मोडला त्यालाच पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. पंधरवडा कुठून कुठपर्यंत धरायचा, हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. हजेरीच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. ८० टक्के हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो आपल्याला लागू आहे का आणि असेल तर ते कशाचे ८० टक्के, हे विचारलं की उत्तरं डळमळतात. हा लेख या दोन हिशेबांबद्दल आहे, आणि हिशेब चुकला तर व्हिसापर्यंत गोष्ट कशी पोचते त्याबद्दल.

आधी स्वतःच्या व्हिसावर काय लिहिलंय ते बघा

विद्यार्थी व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. पासपोर्टवर त्याचा शिक्का नसतो, सगळं ऑनलाइन असतं. गृह खात्याच्या VEVO या सेवेत पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा मंजुरीच्या पत्रावरचा क्रमांक टाकला की व्हिसाची मुदत आणि त्याला जोडलेल्या अटी दिसतात. कामावर ठेवणारा मालकही, तुमच्या संमतीने, हेच पान बघतो. त्यात तीन क्रमांक शोधा. 8105 ही कामाच्या तासांची अट. 8202 ही प्रवेश, हजेरी आणि अभ्यासातल्या प्रगतीची अट. 8533 ही पत्त्याची अट: ऑस्ट्रेलियात पोचल्यावर सात दिवसांत राहता पत्ता आपल्या कॉलेजला कळवायचा, आणि पुढे घर बदललं तर पुन्हा सात दिवसांत.

ही तिसरी अट क्षुल्लक वाटते, म्हणून सगळे तिच्याकडे काणाडोळा करतात. पण कॉलेजची ताकीद आणि गृह खात्याची नोटीस तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवरच येते. पहिल्या दोन महिन्यांत तीन घरं बदलणारी आणि कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड विसरलेली मुलं कमी नाहीत. त्यांना नोटीस मिळत नाही, उत्तराची मुदत मात्र उलटून जाते. VEVO च्या पानाची एक प्रत आजच काढून ठेवा.

पंधरवडा कसा मोजायचा

अभ्यासक्रम सुरू असताना कोणत्याही पंधरवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, असं 8105 सांगते. पूर्वी ही मर्यादा ४० तासांची होती. कोविडनंतर माणसं मिळेनात, म्हणून जानेवारी २०२२ पासून ती पूर्ण उठवली होती आणि १ जुलै २०२३ पासून ४८ तासांची मर्यादा आली. तुमच्या आधी आलेला एखादा दादा ‘आम्ही तर हवं तितकं काम करायचो’ म्हणतो ते खोटं नसतं, पण तो त्या मधल्या काळाबद्दल बोलत असतो.

खरी मेख ‘कोणत्याही’ या शब्दात आहे. पंधरवडा म्हणजे सोमवारी सुरू होणारे सलग १४ दिवस, आणि प्रत्येक सोमवारी एक नवा पंधरवडा सुरू होतो. पहिला आणि दुसरा आठवडा मिळून एक पंधरवडा, दुसरा आणि तिसरा मिळून दुसरा, तिसरा आणि चौथा मिळून तिसरा. म्हणजे प्रत्येक आठवडा दोनदा मोजला जातो, एकदा मागच्या आठवड्याबरोबर आणि एकदा पुढच्या.

पगार पंधरवड्याने मिळत असेल तर घोटाळा होतो तो इथेच. समजा, एक मुलगी मेलबर्नमध्ये मास्टर्स करतेय. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ती एका सुपरमार्केटमध्ये रॅकवर माल लावते आणि शनिवार-रविवार एका कॅफेत जाते. तिचे चार आठवड्यांचे दोन्हीकडचे मिळून तास असे आहेत: पहिल्या आठवड्यात १६, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २२, चौथ्यात २४. दोन्ही ठिकाणी पगाराचा पंधरवडा पहिल्या आठवड्यापासून धरला जातो. पेस्लिप्स एकत्र ठेवल्या तर पहिल्या पंधरवड्यात १६ अधिक ३० म्हणजे ४६ तास, आणि दुसऱ्यात २२ अधिक २४ म्हणजे पुन्हा ४६. ती निर्धास्त असते. पण दुसरा आणि तिसरा आठवडा एकत्र धरला की ३० अधिक २२ म्हणजे ५२ तास होतात. अट मोडली, चार तासांनी. दोन्ही पेस्लिप्स खऱ्या आहेत, दोन्हींत मर्यादा पाळलेली दिसते, आणि तरीही अट मोडली आहे.

यावर उपाय सोपा आहे. दर रविवारी रात्री त्या आठवड्याचे सगळीकडचे मिळून तास लिहा आणि ४८ मधून वजा करा. जे उरेल ती पुढच्या आठवड्याची कमाल मर्यादा. त्या मुलीने दुसऱ्या आठवड्याच्या रविवारी हे केलं असतं तर ४८ वजा ३०, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात १८ तास, हे तिला दिसलं असतं. २२ तासांचं रोस्टर आलं होतं, त्यातली एक चार तासांची शिफ्ट सोडली असती की झालं. मग चौथ्या आठवड्यात तिला ३० तासांपर्यंत मोकळीक होती. म्हणून मॅनेजरला ‘मी पंधरवड्याला ४८ तास करू शकते’ एवढंच सांगून थांबू नका. ‘या आठवड्यात मला इतकेच तास द्या’ असा आकडा दर आठवड्याला कळवा. दुसरीकडे किती काम करता हे पहिल्या मालकाला माहीत नसतं, त्यामुळे बेरजेची जबाबदारी तुमच्यावरच येते.

ज्यांना दर रविवारी वजाबाकी करायचा कंटाळा आहे त्यांनी आठवड्याला २४ तास ही स्वतःची मर्यादा धरावी. त्यात थोडे तास वाया जातात, पण चुकायला जागा उरत नाही. पहिल्या सेमिस्टरसाठी मी सगळ्यांना हेच सुचवतो.

रात्रपाळी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. रविवारी रात्री दहाला सुरू होऊन सोमवारी सकाळी सहाला संपणारी शिफ्ट दोन आठवड्यांत वाटली जाते: मध्यरात्रीपर्यंतचे दोन तास जुन्या आठवड्यात, पुढचे सहा नव्या आठवड्यात. पेस्लिपवर ती पूर्ण आठ तासांची शिफ्ट रविवारच्या नावावर असू शकते. आपल्या वहीत ती फोडून लिहा.

कोणतं काम मोजायचं

नियमांच्या दृष्टीने काम म्हणजे ज्यासाठी ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे मोबदला दिला जातो अशी कोणतीही गोष्ट. तुम्हाला प्रत्यक्षात पैसे मिळाले की नाही हा प्रश्न वेगळा. म्हणून कॅफेतली ‘दोन दिवस ट्रायल करून बघू’ ही बिनपगारी शिफ्टही मोजायची, आणि त्या ट्रायलचे पैसेही मागायचे. रोखीने हातावर मिळालेल्या पगाराचे तास मोजायचे. ओळखीच्यांच्या दुकानात ‘मदत’ म्हणून गल्ल्यावर बसलात तर तेही मोजायचे. भारतातल्या कंपनीचं काम इथे खोलीत बसून लॅपटॉपवर करत असाल तर ते तासही धरून चाला. कोणत्याही खऱ्या सेवाभावी संस्थेत, जिथे त्या कामाला पगारी माणूस ठेवलाच गेला नसता अशा ठिकाणी, केलेली स्वयंसेवा यात येत नाही. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून नोंदलेली इंटर्नशिप किंवा प्लेसमेंटही ४८ तासांत येत नाही. पण ती अभ्यासक्रमाच्या सरकारी नोंदीत तशी असायला हवी. विभागप्रमुखांनी ‘केलीत तर बरं’ म्हटलेली इंटर्नशिप त्यात बसत नाही.

एबीएन, म्हणजे व्यवसायाचा सरकारी क्रमांक, घेऊन स्वतंत्र कंत्राटदार म्हणून केलेलं काम, म्हणजे अन्न पोचवणं, साफसफाई, पार्सल वाटप, याबद्दल एक गैरसमज मूळ धरून बसलाय की ‘एबीएनवरचे तास मोजत नाहीत’. मोजतात. विद्यार्थ्याला एबीएन घेता येतो हे खरं, पण त्याने अट सुटत नाही. ॲपकडे तुम्ही कधी लॉगिन केलं, कुठली ऑर्डर किती वाजता पोचवली याची नोंद असते. वेळ आलीच तर हिशेब त्याच नोंदींवरून होईल, तेव्हा तुमच्याकडे तुमची स्वतःची नोंद असलेली बरी.

कळतं कसं, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नोंदणीकृत मालक दर पगाराच्या दिवशी तुमच्या पगाराचा आकडा कर खात्याला पाठवतो, आणि व्हिसाधारकांबाबत कर खातं आणि गृह खातं यांच्यात माहितीची जुळवाजुळव होते. पगाराच्या आकड्यावरून तासांचा अंदाज बांधणं अवघड नाही. याशिवाय मालकावर धाड पडली तर त्याच्या रोस्टरमध्ये तुमचं नाव सापडतं. आणि सर्रास घडणारी गोष्ट म्हणजे भांडण झालेला खोलीतला जोडीदार किंवा नोकरीवरून काढलेला सहकारी तक्रार करतो. कधी कधी मुलं स्वतःच, पुढच्या व्हिसाच्या अर्जाला जोडलेल्या पेस्लिप्समधून, ते पुरावे हातात देतात.

पेस्लिप मात्र सोडू नका. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसाच्या आत ती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि तुम्ही मर्यादेत होता हे दाखवायला तीच तुमची कागदोपत्री बाजू.

सेमिस्टर कधी सुरू, कधी बंद

अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कामच करता येत नाही. दोन-तीन आठवडे आधी येऊन ‘तोवर थोडे पैसे कमवू’ हा बेत म्हणूनच चालत नाही. नोकरी शोधा, टॅक्स फाइल नंबर काढा, बँकेत खातं उघडा, पण पहिली शिफ्ट सीओईवर, म्हणजे प्रवेशाच्या अधिकृत दाखल्यावर, लिहिलेल्या तारखेनंतर.

संस्थेने जाहीर केलेल्या सुट्टीत तासांची मर्यादा नसते. परीक्षेचा काळ मात्र सेमिस्टरमध्येच धरला जातो, तुमचा शेवटचा पेपर आधी संपला तरी. आणि अट ‘अभ्यासक्रम सुरू असलेल्या पंधरवड्या’बद्दल बोलते, त्यामुळे सुट्टीच्या टोकाला सावध राहावं. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ३८ तास केले आणि पुढच्या सोमवारी सेमिस्टर सुरू झालं, तर त्या पहिल्या आठवड्यात दहा तासांवर थांबणं शहाणपणाचं. सुट्टीच्या तारखांचं पान विद्यापीठाच्या साइटवरून त्याच वेळी साठवून ठेवा. दोन वर्षांनी ते पान तिथे असेलच असं नाही.

संशोधनावर आधारित मास्टर्स आणि पीएच.डी. करणाऱ्यांना अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तासांची मर्यादा नाही. कोर्सवर्क मास्टर्सला आहे, त्यात शेवटी छोटा प्रबंध असला तरी.

हजेरी: ८० टक्के कुणाला, कशाचे

इथे तुम्ही कुठे शिकता यावर सगळं अवलंबून आहे. इंग्रजी भाषेचा अभ्यासक्रम करणाऱ्यांना देशभर एकच नियम आहे: ठरलेल्या एकूण वर्गतासांपैकी किमान ८० टक्के हजेरी. हे अभ्यासक्रम आठवड्याला किमान २० वर्गतासांचे असतात. पंधरा आठवड्यांचा कोर्स म्हणजे ३०० तास, आणि त्यातले ६० तास चुकवण्याची मुभा. ऐकायला भरपूर वाटतं. पण शनिवार-रविवारच्या कामाने दमून जो दर सोमवारी चार तासांचा वर्ग बुडवतो, त्याचे पंधरा सोमवार म्हणजे नेमके ६० तास. त्याला एकदाही ताप येऊन चालणार नाही. म्हणून हजेरीचा चालू टक्का बघण्यापेक्षा, मोकळे किती तास उरलेत ते मोजा. पाचव्या आठवड्यात टक्का ८० दिसत असला तर तुम्ही २० तास वापरले आहेत आणि हातात ४० उरलेत.

डॉक्टरचा दाखला दिला की ती गैरहजेरी पुसली जाते, हाही एक समज आहे. साधारणपणे टक्का तसाच राहतो. दाखल्याचा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो: हजेरी ८० च्या खाली गेली, पण किमान ७० टक्के आहे आणि कारण खरोखर गंभीर आहे, आजारपण किंवा घरातला मृत्यू, तर संस्था तुमच्याबद्दलची तक्रार सरकारकडे न पाठवण्याचा निर्णय घेऊ शकते. ७० च्या खाली तिच्या हातात ती सवलत राहत नाही. त्यामुळे दाखला आजारी पडलात त्याच दिवसाचा हवा. महिन्याभरानंतर मागच्या तारखेचा आणलेला कागद वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

विद्यापीठात चित्र वेगळं आहे. तिथे व्हिसासाठी देशभर लागू असा हजेरीचा टक्का नाही. एखाद्या विषयाच्या शिक्षकाने लॅबला किंवा ट्युटोरियलला सक्ती केली असेल, ती त्या विषयापुरती. गृह खात्याच्या दृष्टीने बघितली जाते ती प्रगती, म्हणजे विषय सुटतायत का. अनेक विद्यापीठांच्या धोरणात एका सेमिस्टरमधले निम्मे किंवा त्याहून जास्त विषय नापास झाले की विद्यार्थी धोक्याच्या यादीत जातो. मग समुपदेशकाला भेटा, कमी विषय घ्या, अमुक वर्गाला जा, असा सुधारणेचा आराखडा ठरतो. त्या भेटीला न जाणं ही फार मोठी चूक, कारण पुढे ‘आम्ही मदत देऊ केली होती’ हे सिद्ध करायला संस्थेला तेवढी नोंद पुरते. दुसऱ्या सलग सेमिस्टरला तेच झालं की गोष्ट पुढच्या टप्प्याला जाते.

दोन्ही हिशेब एकमेकांत इथेच अडकतात. ४८ तास पाळले, हजेरीची सक्ती नव्हती, तरी पहाटेपर्यंतच्या पाळ्यांनी चारपैकी तीन विषय गेले, तर 8105 शाबूत आणि 8202 मोडण्याच्या वाटेवर.

फी परवडत नाही म्हणून मास्टर्स सोडून एखाद्या स्वस्त कॉलेजच्या डिप्लोमाला जाणारे याच अटीत सापडतात. प्रवेश त्याच पातळीचा किंवा वरचा राहिला पाहिजे, असं 8202 म्हणते. अपवाद पीएच.डी.वरून मास्टर्सला येण्याचा. मास्टर्सवरून डिप्लोमाला उतरायचं असेल तर आधी नवा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. ‘आमच्याकडे हजेरीची चिंता नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या कॉलेजचा एजंट हे सांगणार नाही. त्याचं कमिशन प्रवेशावर ठरतं.

आजारपण किंवा घरच्या अडचणीमुळे खरंच थांबायचं असेल तर तिकीट काढून निघून जाऊ नका. आधी संस्थेकडे अर्ज करून अभ्यासक्रम रीतसर स्थगित करून घ्या. तशीच गोष्ट विषय कमी घेण्याची: सीओईवरची शेवटची तारीख गाठली नाही आणि ती वाढवायला मान्य कारण नसेल, तर संस्थेला ती वाढवता येत नाही.

पत्र आलं तर: कुणाचं आहे ते आधी बघा

पत्रं दोन प्रकारची असतात, आणि त्यांना द्यायची उत्तरं अगदी वेगळी.

पहिलं पत्र कॉलेजचं: हजेरी किंवा प्रगती असमाधानकारक असल्यामुळे आम्ही तुमची नोंद सरकारला कळवणार आहोत, असं. या घडीला व्हिसाला काहीही झालेलं नसतं. पत्राच्या तारखेपासून २० कामाचे दिवस तुम्हाला संस्थेकडे अंतर्गत अपील करता येतं. अपील चालू असेपर्यंत संस्थेने तुमचा प्रवेश कायम ठेवायचा असतो आणि तुम्ही वर्गात जात राहायचं असतं. अंतर्गत अपील फेटाळलं तर बाहेर दाद मागता येते. विद्यापीठ पातळीवरच्या विद्यार्थ्यांसाठी फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल स्टुडंट ओम्बुड्समन हे कार्यालय आहे आणि तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. हे सगळं संपेपर्यंत, किंवा तुम्ही ते करणार नाही असं ठरेपर्यंत, संस्थेने नोंद पाठवायची नसते.

म्हणजे सगळ्यात जास्त वाव याच २० दिवसांत असतो, आणि बहुतेक मुलं नेमके हेच दिवस घाबरून किंवा लाजून घालवतात. घरी सांगायचं नाही, म्हणून कुणालाच सांगायचं नाही, असं होऊन बसतं. अपिलात ‘मला एक संधी द्या’ असं लिहून भागत नाही. काय घडलं, कोणत्या तारखांना, त्याचा कोणता कागद आहे, संस्थेने स्वतःच्या धोरणातली कोणती पायरी गाळली, आणि आता काय बदललंय, एवढं मुद्देसूद लिहावं. ताकीद न देता थेट शेवटचं पत्र पाठवलं असेल, किंवा आजाराची माहिती देऊनही सुधारणेचा आराखडा केला नसेल, तर तो मुद्दा भक्कम असतो. विद्यार्थी संघटनेचे सल्लागार असे अर्ज तपासून देतात, मोफत.

दुसरं पत्र गृह खात्याचं: व्हिसा रद्द करण्याचा आमचा विचार आहे, तुमचं म्हणणं सांगा. ही रद्द झाल्याची नोटीस नसते. अट मोडली म्हणून व्हिसा आपोआप जात नाही, अधिकाऱ्याला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. अट खरंच मोडली का, किती मोडली, कोणत्या परिस्थितीत, आधीचं वागणं कसं होतं, व्हिसा रद्द झाल्यास किती हानी होईल, हे तो बघतो. चार तासांची एकदाच झालेली चूक आणि वर्षभर आठवड्याला ५० तास, या दोन गोष्टी त्याच्यासाठी सारख्या नसतात. पण उत्तराला मोजकेच दिवस मिळतात आणि उत्तर न दिल्यास निर्णय फक्त समोर असलेल्या कागदांवर होतो.

या टप्प्यावर नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकीलच गाठा. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो. तुमचा प्रवेश करून देणारा शिक्षण-एजंट हा वेगळा प्राणी, त्याला व्हिसाच्या बाबतीत कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नसतो. पैसे नसतील तर विद्यापीठाची विधी सेवा किंवा सामुदायिक विधी केंद्र विचारा.

व्हिसा रद्द झालाच तर त्याच क्षणापासून तुम्ही देशात बेकायदा ठरता, म्हणून लगेच ब्रिजिंग व्हिसा ई, म्हणजे तात्पुरतं कायदेशीर राहू देणारा व्हिसा, यासाठी अर्ज करावा लागतो. देशात राहून दुसरे बहुतेक व्हिसा मागता येत नाहीत. परत गेल्यावर बहुतेक तात्पुरते व्हिसा तीन वर्षं नाकारले जाऊ शकतात. पुनर्विचारासाठी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जाता येतं, पण मुदत निर्णयाच्या पत्रावर छापलेली असते आणि ती चुकली तर ते दार बंद.

मर्यादा आधीच ओलांडली असेल तर

सर्वात आधी तास खाली आणा, याच आठवड्यापासून. त्यानंतर नोंदी गोळा करा: पेस्लिप्स, रोस्टरचे फोटो, बँकेचे उतारे. जुन्या पेस्लिपवरचे तास बदलून घेणं, मालकाकडून खोटं पत्र आणणं, काही शिफ्ट मित्राच्या नावावर दाखवणं, यांपैकी काहीही करू नका. तास जास्त झाले हा प्रश्न समजावून सांगता येतो. खोटा कागद किंवा खोटी माहिती हा स्वतंत्र आणि जास्त गंभीर गुन्हा धरला जातो, आणि त्यावरून पुढचे व्हिसा अर्ज तीन वर्षं अडकू शकतात. पुढच्या अर्जात अटी पाळल्या का असं थेट विचारलं, तर उत्तर लिहिण्याआधी सल्ला घ्या आणि खरंच लिहा.

एक परिस्थिती मात्र वेगळी आहे. मालक ताशी ठरलेल्या दरापेक्षा कमी देतो, जास्त तास राबवतो, आणि तोंड उघडलंस तर इमिग्रेशनला कळवीन अशी धमकी देतो. जुलै २०२४ पासून व्हिसाच्या अटींचा धाक दाखवून एखाद्याला अट मोडायला लावणं हा मालकाचा फौजदारी गुन्हा आहे. त्याच महिन्यात एक संरक्षणही सुरू झालं: कामाच्या ठिकाणच्या पिळवणुकीचा तुमचा दावा मान्यताप्राप्त तिसऱ्या पक्षाने, म्हणजे ठरावीक सरकारी यंत्रणा, कामगार संघटना किंवा विधी केंद्राने, प्रमाणित केला आणि पुढे अटी पाळण्याची हमी तुम्ही दिलीत, तर कामाशी संबंधित अट मोडल्याबद्दल व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे 8202 ला लागू नाही, म्हणून भांडण चालू असलं तरी वर्ग चुकवू नका. पगाराची तक्रार फेअर वर्क ओम्बुड्समनकडे करता येते, तुमच्या व्हिसाची स्थिती काहीही असो. किमान वेतनाचा हक्क जास्त तास केल्याने जात नाही.

सोबत आलेल्या जोडीदारासाठी थोडक्यात: त्याच्या किंवा तिच्या व्हिसावर 8104 ही अट असते, आणि तुमचा अभ्यासक्रम सुरू झाल्याशिवाय जोडीदारालाही काम करता येत नाही. तुम्ही मास्टर्स किंवा पीएच.डी. करत असाल तर अभ्यासक्रम सुरू झाल्यावर जोडीदाराला तासांची मर्यादा नाही. बाकी अभ्यासक्रमांना तीच ४८ तासांची मर्यादा, आणि जोडीदारासाठी ती कॉलेजच्या सुट्टीतही उठत नाही. आणि मुख्य विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द झाला की जोडीदाराचा आणि मुलांचा त्याच्याबरोबर रद्द होतो.